अध्यादेशाचे आयुष्य

संसदेच्या एखाद्या सभागृहाचे अधिवेशन चालू नसताना कायद्याची निकड भासली, तर राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढतात. राज्यात हाच अधिकार राज्यपालांना आहे. घटनेच्या अनुच्छेद १२३ आणि २१३ मधली ही सोय तातडीच्या प्रसंगासाठी आहे. सभागृहात बहुमत नाही म्हणून वापरायची ती पळवाट नव्हे. हा फरक किती पुसट होतो, हे २०१४ च्या भूसंपादन अध्यादेशाने दाखवले.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढवला, पण रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, अणुऊर्जा अशा तेरा कायद्यांखालील संपादन त्यातून वगळले. मालवाहतूक रेल्वेमार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग आणि तारापूरचा अणुप्रकल्प ज्यांच्या अंगणात, त्या पालघर-बोईसरला या वगळण्याचा अर्थ सांगायला नको. वगळलेल्या कायद्यांनाही वाढीव मोबदला लागू करणारी अधिसूचना कायदा लागू झाल्यापासून वर्षभरात काढावी, असे बंधन त्याच कायद्यात होते. त्या अधिसूचनेचा मसुदा अधिवेशनात तीस दिवस सभागृहांपुढे ठेवायचा होता. मुदत ३१ डिसेंबर २०१४ ला संपणार होती. हिवाळी अधिवेशन २३ डिसेंबरला संपले आणि अध्यादेश ३१ तारखेलाच निघाला. ही निकड आकाशातून पडलेली नव्हती, तारीख वर्षभर आधीच ठाऊक होती. शिवाय मोबदल्याच्या चांगल्या तरतुदीसोबत पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमती आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देण्याची वाटही त्यातच उघडली गेली.

अध्यादेश दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो आणि सभागृहे पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो. सभागृहांनी नामंजूर केला तर त्याआधीच. लोकसभेने १० मार्च २०१५ ला विधेयक मंजूर केले, राज्यसभेत मात्र सरकारकडे संख्याबळ नव्हते. तेव्हा राज्यसभेचे सत्र संस्थगित करून ३ एप्रिलला अध्यादेश पुन्हा काढला गेला, ३० मे रोजी तिसऱ्यांदा.

फेरअध्यादेशाच्या या खेळाला न्यायालयाने आधीच हटकले होते. पुण्याच्या गोखले संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे अध्यादेश मोजले. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले आणि काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. १९८६ अखेरीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेशी केलेली लबाडी ठरवले. पुढे सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बिहारच्याच आणखी एका प्रकरणात बहुमताने सांगितले की, अध्यादेश सभागृहापुढे न ठेवणे हा घटनाभंग आहे आणि निकड असल्याबद्दलच्या राष्ट्रपती वा राज्यपालांच्या समाधानाची मर्यादित न्यायालयीन तपासणी होऊ शकते.

तिसरा भूसंपादन अध्यादेश ३१ ऑगस्ट २०१५ ला संपू दिला गेला. त्याच्या तीन दिवस आधी, २८ ऑगस्टला, सरकारने मूळ कायद्यातील अडचणी दूर करण्याच्या कलमाखाली साधा आदेश काढला आणि रेल्वे, महामार्ग, अणुऊर्जा यांसह वगळलेल्या कायद्यांना वाढीव मोबदला लागू केला. मोबदल्यासाठी अध्यादेशाची गरज पहिल्या दिवशीही नव्हती.