‘तुमच्या कोण होत्या?’

डोंबिवलीच्या चाळीतल्या शेजारच्या काकू गेल्या. शाळेतून आल्यावर रोज त्यांच्याकडेच जेवलेल्या मुलीला ऑफिसात विचारलं जातं, ‘तुमच्या कोण होत्या?’ नातं नाही, सुतक नाही, म्हणजे दुःखही नाही, असा हा हिशेब.

परंपरा इतकी कोरडी नव्हती. आचार्य गेल्यास तीन रात्रींचं अशौच मनुस्मृतीतही सांगितलं आहे. २ जानेवारी २०१९ रोजी रमाकांत आचरेकर सर गेले, तेव्हा सचिन तेंडुलकरने त्यांना खांदा दिला; ते दुःख कुणाला किरकोळ वाटलं नाही. ठाणे-कल्याणच्या मैदानांवर घडलेल्या साध्या शिष्याला मात्र ‘वय झालं होतं ना’ एवढंच ऐकावं लागतं.

म्हणून आम्ही हा अंक सांत्वनाच्या शब्दांवर काढला आहे. ‘सुटले बिचारे’ हे वाक्य गेलेल्याबद्दल बोलतं, मागे राहिलेल्याबद्दल नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं : ‘बॅट धरायला सरांनी शिकवलं, हे तू नेहमी सांगायचास. आज त्यांची फार आठवण येत असेल. संध्याकाळी येऊ का?’ यात नात्याची चौकशी नाही. एक नेमकी आठवण आहे आणि सहज उत्तर देता येईल असा प्रश्न आहे.

अशा वेळी तुम्हाला कुणाच्या कोणत्या वाक्याने धीर दिला, ते आम्हाला जरूर कळवा.