तिसऱ्या घाण्याचे पाव

पावभाजीच्या दिवशी पहिल्या घाण्याचे पाव सोनेरी उतरतात, दुसरे जरा तांबूस आणि तिसऱ्याच्या कडा काळ्या होतात, असं पुष्कळ घरी होतं. काळी कड कडवट लागते, आणि भाजी कितीही चांगली झाली तरी तो कडवटपणा तोंडात राहतो. दोष पावाचा नसतो. तवा प्रत्येक घाण्यागणिक जास्त तापत जातो आणि आधीच्या घाण्यातलं बटर त्यावर करपून बसलेलं असतं.

विकतच्या बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी आणि थोडे दुधाचे कण असतात. तव्यावर टाकताच जो चुरचुर आवाज येतो, तो हे पाणी उडून जाण्याचा. तो सरला की फेस बसतो, कण आधी बदामी होतात आणि मग झपाट्याने काळे. म्हणून फेस बसायला लागला की लगेच पाव ठेवावा. बटरमधून धूर आला असेल तर ते पुसून काढून नवीन घालणंच बरं. घरच्या लोण्यात, म्हणजे आपल्या बेण्णेत, ताकाचा अंश जास्त असतो. ते बराच वेळ तडतडतं आणि तेवढ्यात पाव ओला होतो. पावासाठी तरी विकतचं बटर घ्या, घरचं लोणी भाकरीवर जास्त शोभतं.

समजा, सहा पावांची एक लादी आहे आणि दोन-दोन पावांचे तीन घाणे करायचे आहेत. पाव मधून चिरा, पण एक बाजू जोडलेली राहू द्या. तवा मध्यम आचेवर तापवून आच मंदाच्या जवळ आणा. दोन पावांना दोन चहाचे चमचे बटर पुरे. ते उलथन्याने पसरून पाव उघडून, चिरलेली बाजू खाली करून ठेवा आणि हलकेच दाबा. वीस-पंचवीस सेकंदांनी पाव अर्धा फिरवा, कारण ज्वाळा लागते तिथे तवा जास्त तापलेला असतो. एकूण 45 ते 50 सेकंदांत रंग येतो. मग उलटून पाठीकडून दहा-पंधरा सेकंद बास, पाठ आधीच भाजलेली असते.

भाकरीचा हंचु मधे खोलगट असेल तर बटर तिथेच साचतं. मग पावाचा मधला भाग करपतो आणि कडा पांढऱ्या राहतात. पावासाठी सपाट तवा घ्यावा.

दुसऱ्या घाण्याआधी गॅस बंद करा, जाड सुती फडक्याची घडी उलथन्याने फिरवून तवा पुसा आणि अर्ध्या मिनिटाने परत मंद आच लावा. तिसऱ्याच्या आधीही हेच. मसाला पावासाठी तिखट घालायचं असेल तर पाव ठेवण्याच्या क्षणी बटरवर भुरभुरा, आधी घातलं तर ते बटरच्याही आधी करपतं.

भाजलेले पाव झाकून ठेवू नका, वाफेने मऊ पडतात. ताटात आडवे न रचता एकमेकांना टेकवून उभे ठेवा.