वॉर्डात आग लागली तर झोपून असलेल्या रुग्णाला बाहेर कोण काढणार?

राहुरीच्या ग्रामीण रुग्णालयात ज्या रुग्णाला ठेवून घेता येत नाही, त्याला बहुतेक वेळा नगरला 'सिव्हिल'ला पाठवतात. त्याच जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात 6 नोव्हेंबर 2021 रोजी, भाऊबीजेच्या दिवशी सकाळी आग लागली. आत कोविडचे 17 रुग्ण होते आणि त्यांतले बरेच ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर होते. किमान 11 जणांचा मृत्यू झाला.

नंतर चर्चा झाली ती आग कशामुळे लागली आणि दोषी कोण याची. एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह परिचारिकांना अटकही झाली. पण आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. स्वतःहून उठू न शकणाऱ्या 17 माणसांना दाराबाहेर न्यायला किती हात लागतात, आणि तेवढे हात त्या क्षणी तिथे असतात का? हे आधी कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे वॉर्ड रिकामा करण्याची रंगीत तालीम, म्हणजेच मॉक ड्रिल.

अंगणातली तालीम आणि वॉर्डातली तालीम

अनेक ठिकाणी मॉक ड्रिल म्हणजे अंगणात थोडी आग पेटवायची आणि दोघातिघांनी सिलिंडरने ती विझवून दाखवायची. ते शिकायलाच हवे, पण त्याने वॉर्ड रिकामा होत नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्यातून पंप आणि अलार्म चालतात हे कळते. रात्री दोन वाजता पाचव्या खाटेवरच्या आजींना कोण उचलणार, हे त्यातून कळत नाही.

वेळ फार कमी असतो, कारण ज्वाळेच्या आधी धूर पोहोचतो. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 नवजात बाळे दगावली. त्यांतली 3 भाजल्याने आणि 7 धुराने गुदमरून गेली, असे तेव्हा सांगण्यात आले होते. बंद खोलीत धूर छतापासून खाली उतरतो आणि काही मिनिटांत खाटेच्या उंचीला येतो.

कोणी काय करायचे

धूर ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने मोठ्याने 'आग' म्हणून ओरडायचे, अलार्म दाबायचा आणि आगीच्या अगदी जवळच्या रुग्णाला दूर करायचे. पाळीच्या प्रमुख सिस्टरने 101 ला फोन करायला लावायचे, रुग्णांची यादी हातात घ्यायची आणि पुढचे हुकूम एकटीने द्यायचे. वॉर्डाच्या ऑक्सिजनची मुख्य झडप बंद करायची की नाही, हेही तिनेच ठरवायचे. ऑक्सिजनमुळे आग भडकते, पण त्याच झडपेवर चार रुग्णांचा श्वास अवलंबून असू शकतो. म्हणून आधी त्यांना छोट्या सिलिंडरवर घ्यायचे आणि मग झडप बंद करायची. आग अगदी ऑक्सिजनच्या नळीजवळच असेल तर मात्र थांबायला वेळ नसतो.

दुसऱ्या सिस्टरने चालू शकणाऱ्यांना एका रांगेत बाहेर न्यायचे आणि तिथेच थांबून डोकी मोजायची. वॉर्डबॉयने झोपून असलेले रुग्ण हलवायचे. सुरक्षा रक्षकाने संकटकालीन दाराचे कुलूप काढायचे, लिफ्ट कोणाला वापरू द्यायची नाही आणि अग्निशमन दलाला आत आणायचे. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर एकाने हाताने दाबायच्या पिशवीने, म्हणजे अँबू बॅगने, श्वास देत सोबत चालायचे.

बाहेर म्हणजे लगेच जिना उतरून अंगणात नव्हे. आधी त्याच मजल्यावरच्या, धूर नसलेल्या दुसऱ्या भागात जायचे आणि मधले दार लावून घ्यायचे. जिना उतरायची वेळ नंतर, तीही गरज पडली तरच.

झोपून असलेला रुग्ण

खाट दारातून आणि बोळातून सरळ जात असेल तर खाटेसकट ढकलणे उत्तम. नाही तर ब्लँकेटवरून ओढायचे. खाटेचे ब्रेक लावायचे आणि शेजारी जमिनीवर जाड ब्लँकेट पसरायचे. सलाईन बंद करून सोडवायचे आणि लघवीची पिशवी रुग्णाच्या पायांमध्ये ठेवायची, म्हणजे नळी ओढली जात नाही. एकाने काखेखालून आणि दुसऱ्याने गुडघ्यांखालून धरून रुग्णाला खाली घ्यायचे आणि ब्लँकेट गुंडाळायचे. मग डोक्याकडची बाजू थोडी उचलून मागे मागे चालत ओढायचे. जिन्यावर मात्र चौघे लागतात आणि पाय पुढे ठेवतात, म्हणजे डोके वर राहते. खुब्याचे हाड मोडलेल्याला यात खूप दुखेल, पण धुरात तो धोका पत्करावा लागतो. तालमीत मात्र खरा गंभीर रुग्ण कधीच हलवू नये. त्याच्या जागी कर्मचाऱ्याने झोपावे.

हिशेब करून पाहू

समजा, 20 खाटांचा वॉर्ड आहे. 10 जण चालू शकतात, 5 जणांना आधार किंवा व्हीलचेअर लागते आणि 5 जण पूर्ण झोपून आहेत. रात्री दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि एक रक्षक आहे. प्रमुख सिस्टर यादीवर, दुसरी चालणाऱ्यांसोबत, रक्षक दाराशी. उरला एकटा वॉर्डबॉय, आणि ब्लँकेटला तर दोघे लागतात. प्रमुख सिस्टरने यादी सोडून त्याला हात दिला आणि एका रुग्णाला जाऊन-येऊन 3 मिनिटे धरली, तरी पाच जणांना 15 मिनिटे लागतील. व्हीलचेअरवाले अजून बाकीच आहेत. धूर तितका वेळ देत नाही.

तेच शेजारच्या वॉर्डातून आणि अपघात विभागातून सहा जण आले, तर तीन जोड्या होतात आणि दोन फेऱ्यांत, सुमारे 6 मिनिटांत, पाचही जण बाहेर येतात. म्हणून आराखड्यात 'रात्री कोणत्या वॉर्डातून कोण येणार' हे लिहिलेले हवे आणि तालीम रात्रपाळीच्या माणसांवर, घड्याळ लावून व्हायला हवी. तालमीनंतरच्या नोंदीत शेवटचा रुग्ण किती मिनिटांनी बाहेर आला आणि काय अडले, हे असायला हवे. किल्ली सापडली नाही, बोळात जादा खाटा होत्या, छोटा सिलिंडर रिकामा निघाला, अशा गोष्टी तिथेच उघड होतात. 'सर्व सुरळीत' एवढीच नोंद असेल, तर खरी तालीम झाली का याची शंका घ्यावी.

नातेवाइकांनी काय करावे

रात्री रुग्णाजवळ तुम्हीच असता. दाखल झाल्यावर तीन गोष्टी सिस्टरना विचारून ठेवा: दुसरे दार कुठे आहे आणि त्याला कुलूप असते का, आमच्या रुग्णाला हलवायची वेळ आली तर कसे, आणि शेवटची तालीम कधी झाली. असे विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

प्रत्यक्ष आगीत सिस्टर सांगतील तेच करा. तुमचा रुग्ण चालू शकत असेल तर त्याला घेऊन रांगेत जा. सामानासाठी मागे फिरू नका. तुम्ही धडधाकट असाल आणि सिस्टरने हाक मारली, तर ब्लँकेटचे एक टोक धरा. धूर असेल तर वाकून चाला. बाहेर आल्यावर मोजणी होईपर्यंत तिथेच थांबा, न सांगता घरी निघू नका. तुम्ही सापडला नाहीत, तर तुम्हाला शोधायला कुणीतरी पुन्हा धुरात जाईल.