रात्रीचे दोन आणि तीन प्रश्न

रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर नेमताना मुलाखतीत साधारण तीन विषय निघतात: एखादा रुग्ण, एखादा नैतिक पेच आणि शेवटी ‘रात्रपाळी कराल ना?’ हा प्रश्न. त्यावर ‘हो’ म्हटले की मुलाखत संपते. प्रत्यक्ष कामात मात्र हे तिन्ही विषय एकाच खाटेपाशी येतात.

एक प्रसंग घेऊ. रात्री दोन वाजता चोवीस वर्षांच्या विवाहितेला आणले जाते. ‘खाण्यात काहीतरी आले, उलट्या होतायत,’ असे नवरा सांगतो. तिला दरदरून घाम सुटला आहे, तोंडाला फेस आहे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत आणि नाडी मंद आहे. ही लक्षणे पाहून उमेदवाराला कीटकनाशकाच्या विषबाधेची शंका आली पाहिजे. श्वासमार्ग मोकळा करणे आणि प्राणवायू देणे हे पहिले काम. मग शिरेतून अॅट्रोपीन. दर पाच मिनिटांनी छाती तपासायची आणि घरघर थांबली नसेल तर मात्रा दुप्पट करायची. नवखे डॉक्टर इथेच चुकतात. बाहुल्या मोठ्या झाल्या की औषध पुरले असे ते समजतात. खरी खूण फुप्फुसे कोरडी होणे ही असते.

तेवढ्यात नवरा हात जोडतो, ‘डॉक्टर, पोलीस केस नको.’ उपचार कशासाठीही थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात तसे बजावले आहे. मात्र पोलिसांना कळवणे डॉक्टरच्या मर्जीवर नसते. हे नातेवाइकांना शांतपणे सांगता आले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही, हे सांगितले की अनेकांची भीती ओसरते. शुद्धीवर आल्यावर तिच्याशी एकटीशी बोलणेही आवश्यक, कारण छळ घरातलाच असू शकतो.

आता रात्रपाळी. दर पाच मिनिटांनी छाती तपासणारा डॉक्टर त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात असू शकत नाही. म्हणून ‘रात्रपाळी कराल ना?’ याऐवजी ‘वरिष्ठांना कधी उठवाल?’ असे विचारावे. ‘मी सांभाळून घेईन’ या उत्तरापेक्षा ‘श्वास दमतोय असे वाटताच, व्हेंटिलेटर लागण्याआधी’ हे उत्तर अधिक भरवशाचे. कारण अशा रुग्णाचे श्वसनाचे स्नायू एक ते चार दिवसांनीही लुळे पडू शकतात. त्याआधी बहुधा मान उचलता येईनाशी होते, ती खूण ओळखावी लागते. सकाळी बरी दिसली म्हणून तिला घरी सोडता येत नाही.

उमेदवारानेही उलट विचारावे: रात्री वरिष्ठ किती मिनिटांत पोहोचतात? एका डॉक्टरकडे किती खाटा असतात? या प्रश्नांची उत्तरे ज्या रुग्णालयाकडे नाहीत, त्याने उमेदवाराची तयारी तपासण्याआधी स्वतःची तपासावी.