लिबर्टी जहाजे आणि ‘अनुभवा’चे फुकटचे श्रेय

अनुभव वाढला की खर्च आपोआप घटतो, हे पटवण्यासाठी लिबर्टी जहाजांचा दाखला वारंवार दिला जातो. तो दाखला तितका निर्मळ नाही.

मूळ नियम अमेरिकी विमान-अभियंता थिओडोर राईट यांनी १९३६ मध्ये मांडला. एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रति विमान सरासरी श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतात. पहिल्या विमानास १००० तास लागले असे धरले, तर दोहोंची सरासरी ८००, चारांची ६४०, आठांची ५१२. घट वर्षागणिक नव्हे, दुपटीगणिक होते. हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २७०० हून अधिक लिबर्टी जहाजे बांधली आणि तेथेही श्रम असेच घटत गेले. परंतु आकडे रेषेवर बसले म्हणून कारण सापडले, असे होत नाही. जहाजांची संख्या वाढत होती त्याच काळात गोद्यांमध्ये नवी यंत्रसामग्रीही येत होती. अर्थतज्ज्ञ पीटर थॉम्पसन यांनी जुन्या नोंदी तपासून २००१ मध्ये दाखवले, की कामगारांच्या ‘शिकण्या’च्या खाती मांडलेल्या घटीचा मोठा हिस्सा या भांडवलाचा होता. काही हिस्सा तर ढासळलेल्या दर्जाचा होता.

‘रॉबर्ट ई. पियरी’ हे जहाज १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरले, याचे कौतुक आजही होते. त्याचे अजस्र भाग आधीच जोडून ठेवले होते. तो प्रचाराचा प्रयोग होता. पुढच्याच वर्षी ‘जॉन पी. गेन्स’ समुद्रात दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद हे तडे जाण्याचे मोठे कारण होते खरे, पण घाईचे वेल्डिंगही निर्दोष नव्हते. वाचलेल्या तासांच्या हिशेबात हे तडे कोणी धरले?