न मोजलेल्या ऑर्डरीचा दंड

सोलापुरात झोमॅटो, स्विगी यांसारख्या ॲपांसाठी जेवण पोहोचवणाऱ्या कामगाराला दर आठवड्याला मोबाईलवर जे देयक विवरण मिळते, त्यातील सर्वांत ठळक आकडा बँकेत जमा झालेल्या रकमेचा असतो, आणि बहुतेक वेळा तोच आकडा त्याची आठवड्याची कमाई म्हणून घरात सांगितला जातो. वास्तविक त्या एका आकड्यात केलेल्या कामाचा मोबदला, अटी पूर्ण झाल्यास मिळणारे बक्षीस, आगाऊ कापलेला कर आणि ग्राहकाकडून घेतलेली पण कंपनीची असलेली रोकड, असे चार निरनिराळ्या जातींचे पैसे एकत्र आलेले असतात, आणि त्यांची विभागणी केल्याशिवाय आठवडा चांगला गेला की वाईट, हे ठरवता येत नाही. शिवाय या विवरणात सर्वांत मोठी तूट कोठेच लिहिलेली नसते, असा अनुभव विवरण बारकाईने वाचणाऱ्याला वारंवार येतो. ती तूट कशी शोधावी, हा येथील विवेचनाचा मुख्य विषय आहे.

उदाहरणासाठी एका आठवड्याचे विवरण घेऊ. ते कोणत्याही एका कंपनीचे नाही आणि त्यातील दर केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, मात्र त्याची रचना प्रचलित विवरणांसारखीच आहे. सोमवार ते रविवार या सात दिवसांत एका रायडरने सुमारे ६० तास ॲप सुरू ठेवून १०१ ऑर्डरी उचलल्या, आणि विवरणात त्यांपैकी ९९ मोजल्या गेल्या. प्रत्येक ऑर्डरीमागे २० रुपये मूळ दर, म्हणजे १,९८० रुपये. ठरावीक अंतरापलीकडील किलोमीटरचे १,१९० रुपये. आणि हॉटेलात जेवण तयार होईपर्यंत थांबल्याबद्दलचे ७० रुपये, असे मिळून कामाचा मोबदला ३,२४० रुपये झाला. यात आठवड्याचा इन्सेंटिव्ह ५०० रुपये, पाऊस व गर्दीच्या वेळेची वाढ १२० रुपये आणि ग्राहकांनी दिलेली टिप ४० रुपये मिळवल्यावर एकूण ३,९०० रुपये होतात.

यांपैकी अंतराच्या ओळीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. सात रस्त्यावरच्या हॉटेलातून जुळे सोलापुरात जेवण पोहोचवले, तर जातानाचे अंतर मोजले जाते, परंतु तेथून पुढची ऑर्डर मिळेपर्यंत हॉटेलांच्या गर्दीकडे रिकामे परतण्याचे अंतर मोजले जातेच असे नाही. म्हणून विवरणातील किलोमीटर आणि गाडीच्या मीटरवरील किलोमीटर यांत जो फरक पडतो, तो पेट्रोलच्या रूपाने रायडरच भरतो. वरील आठवड्यात मीटरवर ६०० किलोमीटर पडले, गाडी लिटरला ५० किलोमीटर धावली आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर १२ लिटरचे १,२६० रुपये खर्च झाले. विवरणात या रकमेला जागा नसते, कारण तो खर्च कंपनीच्या हिशेबात येतच नाही. आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवणे, हाच तो मोजण्याचा भरवशाचा मार्ग आहे.

आता वजाबाकीकडे वळले असता पहिली ओळ पेनल्टीची दिसते: जेवण सांडल्याच्या तक्रारीबद्दल ६० रुपये. त्यानंतर बॅग आणि टी-शर्टचा हप्ता १०० रुपये, आणि टीडीएस, म्हणजे रक्कम हातात देण्यापूर्वीच कापून सरकारजमा केलेला आयकर, ३९ रुपये. हा कर कंत्राटदाराला दिलेल्या रकमेवरील तरतुदीनुसार १ टक्का दराने, येथे टिप वगळून ३,८६० रुपयांवर, कापलेला आहे. तो रायडरच्या पॅन क्रमांकावर जमा होत असल्याने, वार्षिक उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. याच गतीने वर्षभर काम केल्यास ही रक्कम दोन हजार रुपयांच्या घरात जाते, आणि विवरणपत्र न भरल्यामुळे ती सोडून दिली जाते ही खेदाची बाब आहे. पॅन दिलेला नसेल किंवा निष्क्रिय झाला असेल तर हाच दर २० टक्क्यांवर जातो, त्यामुळे टीडीएसची ओळ अचानक फुगलेली दिसली तर प्रथम पॅनची स्थिती तपासावी.

या तीन कपातींनंतर ३,७०१ रुपये उरतात, परंतु बँकेत मात्र २,८५१ रुपयेच आलेले असतात. मधले ८५० रुपये दंडाचे नाहीत. ग्राहकांनी रोख दिलेले २,८५० रुपये रायडरच्या हातात आले होते, त्यांपैकी २,००० त्याने कंपनीकडे भरले आणि उरलेले ८५० त्याच्याच खिशात राहिले असल्याने कंपनीने ते देय रकमेतून वळते करून घेतले. विवरणात ही ओळ ॲडजस्टमेंट किंवा कॅश इन हँड अशा नावाने येते आणि कपातींच्या रांगेतच बसलेली असल्यामुळे पैसे कापले गेल्याचा समज होतो. उलट ज्या आठवड्यात बरीच रोकड हातात राहते, त्या आठवड्यात ती घरखर्चात मिसळून गेल्यास पुढच्या मंगळवारी-बुधवारी बँकेतील रक्कम पाहून धक्का बसतो. येथे तपासायची गोष्ट एवढीच की भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती ॲपमध्ये उमटली आहे की नाही, कारण भरणा उशिरा नोंदला गेला तर तीच रक्कम त्या आठवड्यात दुसऱ्यांदा वळती होते आणि दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर जाते.

तेव्हा या आठवड्याची खरी कमाई ३,७०१ रुपये, आणि पेट्रोल वजा जाता २,४४१ रुपये, म्हणजे तासाला सुमारे ४१ रुपये ठरते. टायर, ऑइल, गाडीचा विमा आणि मोबाईलचा डेटा यांचा खर्च अद्याप त्यातून काढलेला नाही.

यानंतर पुन्हा इन्सेंटिव्हच्या ओळीकडे जावे लागते. इन्सेंटिव्ह पायऱ्यांनी दिला जातो: या आठवड्यात ८० ऑर्डरींना ५०० रुपये आणि १०० ऑर्डरींना ९०० रुपये अशा पायऱ्या होत्या. रायडरने उचललेल्या १०१ ऑर्डरींपैकी एक, ग्राहकाचा फोन न लागल्याने, रद्द धरली गेली, आणि दुसरी पोहोचूनही नकाशावरील स्थान न जुळल्याने मोजणीत आली नाही. परिणामी संख्या ९९ वर थांबली, वरची पायरी हुकली आणि ४०० रुपये गेले. त्या दोन ऑर्डरींचा सरासरी ३२ रुपयांप्रमाणे मोबदला मिळवल्यास तोटा ४६४ रुपये होतो, जो पेनल्टीच्या ओळीतील ६० रुपयांच्या साडेसात पटींहून अधिक आहे. तरीही विवरणात दंड म्हणून फक्त ६० रुपये दिसतात, आणि इन्सेंटिव्हच्या ओळीत ५०० रुपये जमेला दिसतात, म्हणजे जेथे तोटा झाला तेथेच विवरण लाभ दाखवते. पायरीच्या जवळ आलेल्या रायडरसाठी शंभरावी ऑर्डर ४३२ रुपयांची असते आणि एकशे एकावी पुन्हा ३२ रुपयांची, ही गोष्ट एकदा लक्षात घेतली की रविवारी रात्री उशिरापर्यंत गाड्या का धावत राहतात, याचा उलगडा होतो.

दंडाच्या बाबतीत भारतातील कामगार कायद्याने फार पूर्वी काळजीपूर्वक मर्यादा घातली होती. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमानुसार दंड आधी जाहीर केलेल्या चुकांबद्दलच करता येई, कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागे, दंडाची रक्कम त्या काळातील वेतनाच्या ठरावीक अंशापलीकडे, पुढे ३ टक्क्यांपलीकडे, नेता येत नसे आणि वसूल झालेला पैसा कामगारांच्याच हितासाठी वापरावा लागे. २०१९ च्या वेतन संहितेनेही ३ टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली. वितरण कामगाराला कंपन्या कर्मचारी न मानता स्वतंत्र भागीदार मानत असल्यामुळे या संरक्षणाचा आधार त्याला सहसा मिळत नाही. तथापि तो मिळाला असता तरी काय झाले असते, हे पाहण्यासारखे आहे: ३,९०० रुपयांचे ३ टक्के ११७ रुपये होतात, म्हणजे ६० रुपयांची पेनल्टी त्या मर्यादेतच बसली असती, आणि ४०० रुपयांना दंड हे नावच नसल्याने कायदा तेथपर्यंत पोहोचलाच नसता.

सोलापूरला हा प्रश्न अनोळखी नाही. येथील विडी कामगार स्त्रियांना मजुरी हजार विड्यांवर मिळते, आणि तपासणीत नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचा, म्हणजे छाटाचा, वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, कारण तेथेही केलेले काम मोजणीतूनच गळते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी याविषयीचे वाद सोडवण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची तरतूद केली होती. मोजणी करणारा आणि मोजणीवरील तक्रार ऐकणारा एकच असू नये, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. ॲपच्या व्यवस्थेत हे दोन्ही अधिकार कंपनीकडेच राहिले आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या केली व कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानाची तरतूद केली. हे अंशदान कंपनीने द्यायचे आहे, त्यामुळे रायडरच्या विवरणात त्याची कपात दिसता कामा नये. मात्र मोजणीच्या वादाला त्या संहितेत उत्तर नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात कपातीविषयी कामगाराला माहिती देण्याचे बंधन घातले, आणि ते स्वागतार्ह आहे, परंतु न मिळालेला इन्सेंटिव्ह ही कपात नव्हे असे म्हणण्यास तेथेही वाव राहतो.

म्हणून विवरण वाचणाऱ्याने त्यात नसलेली माहिती स्वतः जमवणे भाग आहे. पायऱ्या आठवड्यागणिक आणि भागागणिक बदलतात आणि आठवडा संपल्यावर जुना तक्ता ॲपमध्ये सापडेलच असे नाही, यासाठी सोमवारी सकाळीच त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, उचललेल्या ऑर्डरींची संख्या रोज रात्री ॲपमधील संख्येशी ताडून पाहावी, आणि फरक दिसताच त्या ऑर्डरीचा क्रमांक, पोहोचवल्याची वेळ आणि ग्राहकाला केलेल्या फोनची नोंद जपून ठेवावी. तक्रार मांडतानाही इन्सेंटिव्ह का मिळाला नाही, असे विचारल्यास अट पूर्ण झाली नाही एवढेच उत्तर येते. त्याऐवजी अमुक क्रमांकाची ऑर्डर मोजणीत का धरली नाही, असे एकेका ऑर्डरीबद्दल विचारावे, आणि ते विवरण निघण्याची वाट न पाहता रविवारची मध्यरात्र उलटण्याआधी विचारावे.