नंबर द्यायचा तर सगळ्या गल्ल्यांना द्या

माझ्या शाळेच्या दाखल्यापासून पहिल्या नोकरीच्या अर्जापर्यंत पत्त्यात एकच शब्द होता: महारवाडा. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. त्या जागी समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली. आमच्या वस्तीने भीमनगर मागितलं. तेव्हा गावातली काही मंडळी म्हणाली, "कशाला कुणाचं नाव? गल्ली क्रमांक ३ लिहा. नंबरला जात नसते."

हे वाक्य मला पटायला हवं होतं, कारण तेव्हा मी चंदीगडमध्ये राहत होतो आणि तिथे सगळं शहर नंबरांवर चालतं. पहिल्यांदा पत्त्यात 'सेक्टर' आणि पुढे आकडा लिहिला तेव्हा मलाही मोकळं वाटलं होतं. पत्ता वाचून समोरच्याचा चेहरा बदलत नव्हता. फॉर्म भरताना खाली मान घालावी लागत नव्हती. हा दिलासा खरा आहे आणि त्याला मी कमी लेखणार नाही.

ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने हे ठरवून केलं. सेक्टरांना नंबर दिले आणि मोठ्या रस्त्यांना मध्य मार्ग, दक्षिण मार्ग, जन मार्ग अशी नावं राहिली. शहरासाठी त्याने जे नियमपत्र लिहिलं, त्यात व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत, स्मरण करायचं तर कांस्याच्या पाटीपुरतं, असं म्हटलं. कल्पना चांगली वाटते. पण आज त्याच शहरात सेक्टर १९ मध्ये ल कॉर्बुझिए सेंटर आहे आणि सेक्टर १६ मधल्या गुलाबबागेला झाकिर हुसेन यांचं नाव आहे. म्हणजे व्यक्तींना मान देणं थांबलं नाही. मान कुणाला द्यायचा हे ठरवणारे तेवढे वेगळे होते.

आता नंबरकडे बघू. चंदीगडची मूळ योजना दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात सेक्टर १ ते ३०, त्यात १३ नंबर नाही, म्हणजे २९ सेक्टर आणि लोकसंख्या दीड लाख. दुसऱ्या टप्प्यात ३१ ते ४७, म्हणजे १७ सेक्टर आणि लोकसंख्या साडेतीन लाख. भागाकार करून बघा. पहिल्या टप्प्यात एका सेक्टरमागे सरासरी ५ हजार माणसं आणि दुसऱ्यात २० हजारांवर. काही सेक्टर बाजाराचे, काही विद्यापीठाचे किंवा सरकारी इमारतींचे, ते धरूनही फरक मिटत नाही. उत्तरेकडे लहान नंबर, मोठे बंगले. दक्षिणेकडे मोठा नंबर, दाटी. त्यामुळे तिथला माणूस सेक्टर ऐकूनच तुमची ऐपत ताडतो. नंबरला जात नसेल, पण पायरी आहे.

आणि ज्यांनी हे शहर बांधलं त्या मजुरांच्या वस्त्या? त्यांनाही नंबरच मिळाले. सेक्टर ४ आणि कॉलनी नंबर ४. आकडा एकच. सेक्टर ४ मध्ये कोठ्या आहेत. कॉलनी नंबर ४ वर १ मे २०२२ ला, कामगार दिनीच, बुलडोझर फिरला.

माझाही अनुभव सांगतो. खोली शोधताना घरमालकाने सेक्टर विचारला नाही, आधी पूर्ण नाव विचारलं. मग गाव. मग, "तुम्ही कोण?" मी सांगितलं. खोली दुसऱ्याच दिवशी 'आधीच दिलेली' निघाली. नंबर पत्त्यातून जात काढतो, पण घरमालकाच्या प्रश्नातून काढत नाही.

म्हणून गावच्या त्या मंडळींना माझं म्हणणं असं. नंबर वाईट नाही. टपाल, अँब्युलन्स, मीटर सगळ्यांसाठी तो सोयीचा आहे. पण तो सोय म्हणून द्या, समता म्हणून देऊ नका. आणि द्यायचा तर सगळ्यांना द्या. पाटील गल्ली तशीच राहणार, देशमुख वाडा तसाच राहणार, आणि फक्त आमच्या वस्तीचा क्रमांक ३ होणार असेल, तर त्याला निःपक्षपातीपणा म्हणत नाहीत. त्यांचा इतिहास नावात राहतो आणि आमचा मात्र आकड्यात पुसला जातो.

जुनं नाव आम्हाला गावाने दिलं होतं, आम्हाला न विचारता. भीमनगर हे पहिलं नाव आहे जे वस्तीने स्वतः निवडलं. तुमच्या गावातही असा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेत उठून एवढंच विचारा: पाटील गल्लीचा नंबर किती?